विसरलेलं उसनं आणि वहीतली दोन पानं

प्रश्न: वडील गेले. कपाट आवरताना त्यांची रोजमेळाची जुनी वही सापडली. जून १९९५ मध्ये 'तात्या यांचे जमा १५,०००' अशी नोंद आहे. आई म्हणते, ताईच्या लग्नाला हातउसने घेतले होते. नोव्हेंबर १९९७ च्या पानावर 'तात्या यांचे नावे ४,०००' आहे, म्हणजे पुन्हा घेतले की काय, कळत नाही. तात्या वडिलांचे मित्र, तालुक्याला त्यांचं भुसाराचं दुकान होतं, आता ते मुलगा बघतो. तात्या ब्याऐंशीचे आहेत. फोनवर विषय काढला तर म्हणाले, "कसले पैसे? काही नाही रे." भाऊ म्हणतो, तीस वर्षांनी कोण विचारतंय. हाच भाऊ अकरावी-बारावीला त्यांच्याकडे राहून शिकला, तेही फुकट. पैसे द्यायचे का, किती, आणि कसे?

उत्तर:

आधी वही नीट वाचू, कारण तुमचा आकडा तिथेच चुकतो आहे. रोजमेळात किंवा कीर्दीत 'जमा' म्हणजे आपल्याकडे आलेली रक्कम आणि 'नावे' म्हणजे आपल्याकडून गेलेली. वही वडिलांची आहे, म्हणून 'तात्या यांचे जमा १५,०००' याचा अर्थ तात्यांकडून पंधरा हजार आले. 'तात्या यांचे नावे ४,०००' याचा अर्थ वडिलांनी त्यांना चार हजार दिले. ते नवं कर्ज नाही, फेड आहे. तात्यांच्या दुकानाची खतावणी मिळाली तर तिच्यात हेच दोन आकडे उलट्या बाजूंना दिसतील आणि पुन्हा गोंधळ होईल. वही कोणाची, हे आधी बघायचं आणि मग बाजू वाचायची.

त्यानंतर १९९७ पासून वही संपेपर्यंतचं प्रत्येक पान तात्यांचं नाव शोधत चाळा. पुढच्या वर्षांच्या वह्या असतील तर त्याही बघा. गावाकडे उसनं नेहमी रोखीनेच फिटत नाही. ज्वारीची दोन पोती घातली, कडबा दिला, दुकानाच्या बिलात वळते केले, असंही होतं. अशा नोंदीत 'वजा', 'वळते', 'हिशेबी' यांसारखे शब्द येतात किंवा नुसतं धान्याचं वजन आणि भाव लिहिलेला असतो. आईला आणि वडिलांच्या एखाद्या भावाला विचारा. 'पैसे फिटले का' असं मात्र विचारू नका, त्याला सगळे 'फिटले असतील' असंच उत्तर देतात. 'सत्याण्णवनंतर आपल्याकडून तात्यांच्या दुकानी माल जायचा का' असं विचारा. काहीच सापडलं नाही तर शिल्लक मुद्दल ११,००० रुपये धरा. पंधरा हजार धरून चार हजार जास्तीचे देणं दिसायला उदार असलं, तरी त्यात वडिलांनी केलेली फेड पुसली जाते.

आता भावाचं म्हणणं. कायद्याच्या अंगाने त्याचं अर्धं बरोबर आहे. मुदत न ठरवता दिलेल्या हातउसन्यासाठी पैसे दिल्यापासून तीन वर्षांच्या आत दावा करावा लागतो. मुदतीच्या आत काही फेड झाली आणि तशी फेडणाऱ्याच्या हातची नोंद असली, तर तिथून पुन्हा तीन वर्षं मोजतात. म्हणजे १९९७ ची नोंद धरूनही तात्यांना फार तर नोव्हेंबर २००० पर्यंत कोर्टात जाता आलं असतं. पण मुदत संपली की दाव्याचा मार्ग बंद होतो, देणं नाहीसं होत नाही. बॉम्बे डाइंग विरुद्ध मुंबई राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली हेच म्हटलं आहे. तिथे विषय कामगारांच्या न उचललेल्या मजुरीचा होता. मुदतबाह्य देणं कोणी स्वखुशीने फेडलं तर 'ते देणंच नव्हतं' म्हणून परत मागता येत नाही. आणि असं देणं फेडण्याचं लेखी, सहीचं वचन दिलं, तर १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २५ नुसार ते वचन नव्याने बंधनकारक होतं. म्हणून पैसे हातात नसताना भावनेच्या भरात 'मी पुढच्या वर्षी देईन' असं लिहून पाठवू नका. द्यायच्या दिवशी लिहा, नाहीतर जेवढं नक्की जमेल तेवढंच लिहा.

भाऊ ज्या 'कोण विचारतंय'वर भिस्त ठेवतो, त्यात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ आहे: विसरणं आणि सोडून देणं. धनको आपलं येणं पूर्ण किंवा अंशतः सोडून देऊ शकतो, त्याबदल्यात त्याला काही मिळायला हवं असंही नाही, आणि मग देणं खरोखर संपतं. करार कायद्याचं कलम ६३ हेच सांगतं. पण जे आठवतच नाही ते सोडता कसं येईल? तात्या फोनवर 'कसले पैसे' म्हणाले, ती माफी नाही. माफ करायचं की नाही हे ठरवण्याआधी त्यांना काय येणं आहे हे कळायला हवं, आणि ते कळवणं तुमच्याकडे आहे, कारण वही तुमच्या घरी आहे.

तेव्हा पहिलं काम पैसे नेणं नाही, आठवण देणं आहे. ते फोनवर होणार नाही. ब्याऐंशीच्या माणसाला 'आठवतंय का' असं विचारलं की तो गडबडतो, आणि न आठवणं कबूल करण्यापेक्षा विषय झटकतो. दोन्ही पानांची मोठ्या अक्षरांत दिसेल अशी झेरॉक्स काढा आणि सकाळच्या वेळी घरी जा. दुकानात जाऊ नका. तिथे मुलगा, गिऱ्हाईक, हमाल असतात आणि जुन्या व्यवहारावर मोकळं बोलणं होत नाही. पान पुढे ठेवा आणि प्रश्न न विचारता सांगा: "जून पंच्याण्णवला ताईच्या लग्नाला तुम्ही वडिलांना पंधरा हजार दिले होते. सत्याण्णवला त्यांनी चार परत केले. अकरा राहिले आहेत." बस. लग्नातला एखादा तपशील, मांडव कुठे होता, पाऊस किती होता, एवढं आलं की बहुतेक वेळा आठवण आपोआप वर येते.

यापुढे ते तीनपैकी काहीतरी एक करतील. आठवून पैसे घेतील. मग पुढचं सोपं आहे. आठवून नको म्हणतील. ती खरी माफी की तोंडदेखला नकार, हे ओळखायची एक खूण आहे: ज्याने खरंच सोडलंय तो कारण सांगतो. "तुझ्या बापाने माझ्यासाठी अमुक केलं होतं, ते त्यात फिटलं" किंवा "मी तेव्हाच सोडून दिले होते." नुसतं "राहू दे, राहू दे" हा आपल्याकडचा शिष्टाचार आहे, चहाला पहिल्यांदा नाही म्हणतात तसा. तिथे आणखी एकदा आणून द्यायचं. दुसऱ्यांदा कारणासकट नाही म्हणाले तर थांबा. तिसऱ्यांदा आग्रह केला तर तुमच्या मनावरचं ओझं तुम्ही त्यांच्या डोक्यावर ठेवत असता.

तिसरी शक्यता अशी की पान बघूनही त्यांना काही आठवत नाही आणि बोलण्यातही धरबंध राहिलेला नाही. दोन मिनिटांपूर्वीचं विसरतात, नातवाला मुलाच्या नावाने हाक मारतात. अशा वेळी त्यांच्या हाती चेक देऊन उपयोग नाही आणि त्यांच्या 'नको'लाही अर्थ नाही. मग मुलगा आणि मुली, सगळ्यांना एकाच वेळी सांगा. एकट्या मुलाला सांगितलं की पुढे बहिणी विचारतात आणि तुमच्या चांगल्या कामातून त्यांच्या घरात भांडण उभं राहतं. तात्यांचं डोकं जागेवर असेल तर मात्र क्रम उलटा: आधी तात्या, आणि मुलांना सांगायचं की नाही हे तेच ठरवतील. कित्येक जण असं उसनं घरात न सांगता देत असत.

किती द्यायचे, हा खरा अडचणीचा भाग. अकरा हजारच परत करणं हिशेबाने चूक नाही, कारण हातउसन्यावर व्याज ठरलेलं नव्हतं. पण १९९५ चे अकरा हजार आणि आजचे अकरा हजार एक नाहीत, हे तात्या दुकानदार असल्यामुळे तुमच्याआधी त्यांना कळेल. तीन मापं लावून बघू.

पहिलं माप दामदुपटीचं. हिंदू कायद्यातला हा जुना नियम मुंबई इलाख्यात कोर्टांनीही पाळला: एका वेळी वसूल होणारं व्याज मुद्दलापेक्षा जास्त असू शकत नाही. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी नियमन कायद्यातही हीच मर्यादा आहे. वर्षाला सहा टक्के सरळ व्याज धरलं तरी सतराव्या वर्षी ते मुद्दलाएवढं होतं, पुढे वाढत नाही. म्हणजे ११,००० अधिक ११,०००, एकूण २२,०००. हा नियम मुळात ऋणकोला सावकारापासून वाचवण्यासाठी आहे. सावकारी न करणाऱ्या मित्राचे पैसे फेडताना त्याच्या आड लपणं मला तरी पटत नाही.

दुसरं माप महागाईचं. आयकर खातं मालमत्तेच्या नफ्यासाठी दरवर्षी खर्च-महागाई निर्देशांक जाहीर करतं, तो कोणालाही बघता येतो. जुन्या मालिकेत १९९५-९६ चा आकडा २८१ आणि २००१-०२ चा ४२६ होता. २००१-०२ पासून नवी मालिका १०० वरून सुरू झाली आणि २०२५-२६ चा आकडा ३७६ आहे. म्हणून ११,००० ला ४२६ ने गुणा आणि २८१ ने भागा: सुमारे १६,६७६. त्याला ३.७६ ने गुणा: सुमारे ६२,७००. हा निर्देशांक महागाईतली सगळी वाढ धरत नाही, साधारण पाऊण हिस्सा धरतो. त्यामुळे हा आकडा फुगवलेला नाही, उलट थोडा हात राखून आहे.

तिसरं माप सोन्याचं, आणि चारचौघांत विषय निघाला की सगळे आधी यावरच येतात. १९९५ ला तोळा साडेचार-पाच हजारांच्या घरात होता, तेव्हा अकरा हजारांत दोन तोळ्यांहून थोडं जास्त सोनं आलं असतं. आज दहा ग्रॅमचा भाव लाखाच्या वर आहे, म्हणजे रक्कम दोन लाखांच्या पुढे जाते. हे माप सरसकट लावणं चूक. तात्यांनी गल्ल्यातून रोकड दिली होती. ती दिली नसती तर त्यांनी सोनंच घेतलं असतं असं कोण म्हणेल? दुकानदार माल भरतो. पण त्यांनी घरातल्या पाटल्या मोडून किंवा गहाण ठेवून पैसे उभे केले असतील, तर मात्र हेच माप लागू होतं, कारण तेव्हा त्यांनी पैसे नव्हे, सोनं दिलं. आईला हे एकदा विचारून घ्या. लग्नासाठी उसनं देताना पाटली मोडणं तेव्हा नवलाचं नव्हतं.

सोन्याचा प्रश्न नसेल तर मी ६३,००० वर थांबेन: ११,००० मुद्दल आणि ५२,००० त्यापुढच्या काळाबद्दल. तेवढं झेपत नसेल तर २२,००० आजच द्या. ६३,००० च्या तयारीत दोन वर्षं घालवू नका, समोरचा माणूस ब्याऐंशीचा आहे.

हे पैसे कोणी द्यायचे यावर घराघरांत वाद होतो. वारसांवर बापाच्या कर्जाची जबाबदारी त्यांच्या वाट्याला आलेल्या मालमत्तेपुरतीच असते. मुलाने बापाचं ऋण फेडलंच पाहिजे हे हिंदू कायद्यातलं धार्मिक बंधन २००५ च्या दुरुस्तीने नव्या कर्जांपुरतं काढून टाकलं. १९९५ चं कर्ज त्या दुरुस्तीच्या आधीचं असलं तरी मुदत गेल्यामुळे कोर्टाचा प्रश्न तुमच्यापुढे नाहीच. व्यवहारात सरळ मार्ग असा: वडिलांच्या खात्यात शिल्लक असेल तर वाटणीआधी त्यातून द्या. वाटणी झाली असेल तर ज्याला जेवढं मिळालं त्या प्रमाणात द्या. ताईने हक्कसोड पत्र दिलं असेल तर तिच्याकडून एक रुपयाही मागू नका. 'तुझ्याच लग्नाचं कर्ज' हे वाक्य घरात उच्चारलं जाऊ नये याची काळजी घ्या. उसनं वडिलांनी घेतलं होतं, तिने नाही. भाऊ तयार नसेल तर तुम्ही एकट्याने द्या, पण तात्यांना तसं सांगू नका. "आम्ही दिले" एवढंच.

देण्याची रीत. वीस हजार किंवा त्याहून जास्त रकमेचं कर्ज, व्याज धरून, रोखीत परत करता येत नाही. आयकर कायद्यात त्यासाठी परत केलेल्या रकमेएवढाच दंड आहे. म्हणून पाकिटात नोटा घालून नेऊ नका. तात्यांच्या नावाचा रेघ मारलेला खातेदेय चेक द्या किंवा खात्यावर पाठवा. खातं मुलाबरोबर संयुक्त आहे का ते आधी विचारा. असेल आणि तात्यांची हरकत नसेल तर चालेल, पण पैसे आल्याचं त्यांना कळलं पाहिजे.

वरच्या ५२,००० ला 'भेट' म्हणण्याचा मोह होतो, ते ऐकायला गोड वाटतं. पण नात्यात नसलेल्या माणसाकडून वर्षात ५०,००० च्या वर भेट मिळाली तर सगळी रक्कम घेणाऱ्याचं उत्पन्न धरली जाते. शिवाय भेट म्हटलं की तात्या तुमचे उपकृत होतात, आणि इथे नातं नेमकं उलटं आहे. म्हणून 'व्याजापोटी' असंच लिहा. तेही त्यांचं उत्पन्नच आहे, पण खरं आहे. त्यांचं बाकी उत्पन्न करमर्यादेच्या आत असेल तर बहुधा कर लागणार नाही. विवरणपत्र भरत असतील तर त्यांच्या कर सल्लागाराला हा कागद दाखवायला सांगा.

चेकसोबत चार ओळींचं पत्र असू द्या. ते असं चालेल:

"ती. तात्या यांस सा. न. आमच्या वडिलांनी जून १९९५ मध्ये आपल्याकडून १५,००० रुपये हातउसने घेतले होते. नोव्हेंबर १९९७ मध्ये त्यांनी ४,००० परत केले. राहिलेली मुद्दल ११,००० व इतक्या वर्षांच्या व्याजापोटी ५२,००० असे एकूण ६३,००० रुपये सोबतच्या चेकने देत आहोत. पोच द्यावी."

'उपकार', 'ऋण', 'कधीच विसरणार नाही' हे शब्द या कागदावर नकोत. हा हिशेबाचा कागद आहे. तात्यांची सही असलेली पोच घ्या, ती घेण्यात संकोच नको. उद्या त्यांच्या मागे मुलांनी जुनी खतावणी काढून विचारलं तर तीच कामाला येते. पोच आली की वडिलांच्या वहीत तात्यांच्या नोंदीखाली 'नावे' बाजूला तारीख घालून रक्कम लिहा आणि खाली रेघ ओढा.

हे सगळं होण्याआधी तात्या गेले, तर पैसे थोरल्या मुलाच्या हाती देऊन मोकळं होता येत नाही. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे पत्नी, मुलगे, मुली आणि आई असल्यास आई, यांना समान वाटा जातो. प्रत्येकाच्या नावाचा वेगळा चेक काढा. मंदिराला, शाळेला किंवा अनाथाश्रमाला त्यांच्या नावे देणगी देऊन देणं फिटत नाही. ते दुसऱ्याचे पैसे तिसऱ्याला देणं झालं. तात्यांनीच "तिकडे दे" म्हटलं असेल तरच तो मार्ग.

राहिला भावाचा दोन वर्षांचा मुक्काम. त्याचं भाडं आणि खानावळीचा हिशेब करू नका, आणि ज्या दिवशी चेक द्याल त्या दिवशी त्याचा उल्लेखही करू नका. दोन्ही एकत्र आले की बारावीपर्यंत वाढलेल्या ताटांवर किंमत लिहिल्यासारखं होतं, आणि तात्यांना वाटेल की हे सगळं एकदाचं मिटवून टाकायला आलेत. उसनं मिटवायचंच असतं. उपकाराचं तसं नसतं. हे देणं तुमचं नाही, भावाचं आहे. तुम्ही त्याच्या वतीने काही केलं तर तो आणखी लांब जाईल. त्याला एवढंच विचारा की त्या दोन वर्षांत सकाळी सहाच्या आत डबा कोण करून द्यायचं. ताट आणि डबा तात्यांनी नाही, काकूंनी दिला. अशा हिशेबात मालक म्हणून पुरुषाचं नाव लागतं आणि खरं येणं काकूंचं असतं, हे बहुतेक घरांत सुटून जातं.

काकू असतील तर त्यांना आत्ता काय कमी आहे ते भावाने स्वतः जाऊन बघावं, कारण उपकाराची फेड शक्यतो त्याच जातीची असावी. तिथे घर आणि वेळ दिला गेला होता. डोळ्यांच्या तपासणीला पुण्याला यायचं असेल आणि मुलाला दुकान सोडून येता येत नसेल, तर भावाने त्यांना आपल्या घरी आठ दिवस ठेवून घ्यावं. तात्यांची नात पुढच्या वर्षी शहरात शिकायला येणार असेल, तर वसतिगृह मिळेपर्यंत तिची सोय करावी. तिथे 'तुमचे उपकार आहेत म्हणून' असं बोलायची गरज पडत नाही. काकू असं काही मागणार नाहीत, आणि विचारलं तर नाहीच म्हणतील. म्हणून भावाने 'काही लागलं तर सांगा' म्हणू नये. तारीख घेऊन जावं: "अमुक तारखेला गाडी घेऊन येतो, तयार राहा."